उधारीची मुदत वाढवायची की नाही? निव्वळ वर्तमान मूल्याने करायचा हिशेब, पायरीपायरीने

विक्री विभागाकडून मागणी येते : "ग्राहकांना ३० दिवसांऐवजी ६० दिवसांची उधारी द्या, विक्री १५ टक्क्यांनी वाढेल." हिशेब खात्याचं उत्तरही ठरलेलं असतं : "पैसे अडकतील, बुडतील." दोघंही खरं बोलत असतात, म्हणून नुसत्या चर्चेतून निर्णय होत नाही. जास्त विक्रीचा फायदा, बुडणारी येणी आणि उशिरा येणाऱ्या पैशाची किंमत या तिन्ही गोष्टी एकाच मापात आणाव्या लागतात. ते माप म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत वजा आज करावा लागणारा खर्च.

हा लेख पहिल्यांदाच असा हिशेब करणाऱ्यांसाठी आहे. एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. कागद किंवा स्प्रेडशीट उघडून आकडे सोबत मांडत गेलात तर जास्त उपयोग होईल. चलन कोणतंही धरा, गणित तेच राहतं.

आधी एकक ठरवा : एका दिवसाची विक्री

नवखा माणूस साधारणपणे वर्षाचे आकडे घेऊन बसतो. वर्षाची विक्री, वर्षाचा नफा, वर्षाचं व्याज. मग यातला कुठला पैसा कधी येतो हेच हातातून सुटतं. त्याऐवजी फक्त एका दिवसाची विक्री घ्या. आज माल गेला, त्याचा खर्च आज झाला, पैसे अमुक दिवसांनी येणार. या एका दिवसाच्या व्यवहाराचं आजचं मूल्य काढा. उद्याचा दिवस तसाच, परवाचाही तसाच. जुन्या आणि नव्या मुदतीतला फरक एका दिवसासाठी कळला की पुढे तो हव्या तितक्या काळासाठी वाढवता येतो.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीची उधारीवरची विक्री रोज १,००,००० आहे. वर्ष ३६० दिवसांचं धरू, भागाकार सोपा जातो.

आकडे गोळा करताना

सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यात जाणारे आकडे चुकले तर उत्तर कितीही नीटनेटकं दिसलं तरी चुकीचंच असतं. त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिला आकडा वसुलीच्या दिवसांचा. बिलावर ३० दिवस लिहिलेले असतात म्हणून ३० धरायचे नाहीत. पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात ते वहीतून काढा. आपल्या कंपनीत ३० दिवसांच्या बिलाचे पैसे सरासरी ३६ दिवसांनी येतात. मुदत दुप्पट केली की रेंगाळण्याची सवयही त्याच प्रमाणात वाढेल असं धरू, म्हणजे ६० दिवसांच्या बिलाचे पैसे ७२ दिवसांनी येतील. अगदी वक्तशीर ग्राहकही मुदत वाढली की वाढीव मुदतीच्या शेवटीच पैसे देतो. तो लबाड आहे म्हणून नव्हे, फुकट मिळालेला वेळ कुणीही वापरतो.

दुसरा आकडा चल खर्चाचा, म्हणजे विक्री वाढली की वाढणारा आणि घटली की घटणारा खर्च : कच्चा माल, वाहतूक, विक्रीवरचं कमिशन. भाडं आणि कायम पगार यात येत नाहीत, कारण १५ टक्के जास्त माल विकला म्हणून ते बदलत नाहीत. इथे चल खर्च विक्रीच्या ७५ टक्के धरू.

तिसरा आकडा बुडीत येण्यांचा, आणि तो दोन वेगळ्या भागांत हवा. आजचे ग्राहक १ टक्का बुडवतात. नव्या मुदतीमुळे येणारे ग्राहक किती बुडवतील हा निराळा प्रश्न आहे. जो केवळ मुदत लांब मिळते म्हणून येतो, त्याच्यापैकी काही जणांना इतरांनी उधारी नाकारलेली असते. म्हणून नव्या विक्रीसाठी ८ टक्के बुडीत धरू. दोन्ही मिसळून सरासरी काढली तर ती १.९ टक्के येते आणि फारशी भीतीदायक वाटत नाही. सरासरीत लपलेला हा ८ टक्क्यांचा आकडा वेगळा ठेवणं ही या पायरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

चौथा आकडा दराचा. उशिरा येणारा पैसा आज किती किमतीचा, हे त्यावरून ठरतं. वाढीव येण्यांसाठी बँकेकडून कर्ज घेणार असाल तर किमान त्या कर्जाचा दर धरा. स्वतःचा पैसा वापरणार असाल तरी तो फुकट नसतो, तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात त्याने जे कमावलं असतं तो त्याचा दर. आपण वर्षाला १२ टक्के धरू.

शेवटी वसुलीचा वाढीव खर्च. जास्त ग्राहक, जास्त फोन, जास्त पाठपुरावा. तो रोज ४०० धरू.

सूत्र

एका दिवसाच्या विक्रीचं निव्वळ वर्तमान मूल्य असं काढायचं : विक्रीतून बुडणारा भाग वजा करा, उरलेल्याला वसुलीच्या दिवसांचा विचार करून आजच्या किमतीत आणा, त्यातून चल खर्च वजा करा. स्प्रेडशीटमध्ये तीन कॉलम करा. B मध्ये आजचे ग्राहक आजच्या मुदतीवर, C मध्ये तेच ग्राहक नव्या मुदतीवर, D मध्ये नवे ग्राहक नव्या मुदतीवर. ओळ २ मध्ये रोजची विक्री, ३ मध्ये चल खर्चाचं प्रमाण, ४ मध्ये बुडीत प्रमाण, ५ मध्ये वसुलीचे दिवस, ६ मध्ये वार्षिक दर. मग ओळ ७ मध्ये हे लिहा आणि पुढच्या दोन कॉलममध्ये ओढा :

```
=B2*(1-B4)/(1+B6*B5/360)-B2*B3
```

इथे सरळव्याजाने भागलं आहे. दोन-अडीच महिन्यांच्या काळासाठी चक्रवाढीने फरक नगण्य पडतो. सूत्रात आणखी एक गृहीतक आहे : चल खर्च विक्रीच्या दिवशीच रोख जातो. पुरवठादार तुम्हालाही उधारी देत असतील तर खर्चालाही त्यांच्या दिवसांनुसार याच पद्धतीने भागा.

आजची स्थिती

१,००,००० च्या विक्रीतले ९९,००० वसूल होतात, ३६ दिवसांनी. १२ टक्के दराने ३६ दिवसांचे १.२ टक्के होतात. म्हणून ९९,००० ला १.०१२ ने भागायचं : ९७,८२६. त्यातून चल खर्च ७५,००० वजा केला की २२,८२६ उरतात. आजच्या पद्धतीने एका दिवसाच्या विक्रीची ही किंमत.

तेच ग्राहक, नवी मुदत

हाच कॉलम सर्वांत जास्त विसरला जातो. सुरुवातीच्या काळात मी असा हिशेब केला तेव्हा माझ्याही कागदावर तो नव्हता. मी फक्त नव्या विक्रीचा नफा मांडला, नव्या येण्यांचं व्याज वजा केलं आणि उत्तर भलतंच गोड आलं. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "आणि जुने ग्राहक आधीच्याच दिवशी पैसे देणार आहेत का?"

देणार नाहीत. मुदत जाहीर झाली की ती सगळ्यांना लागू होते. जुने ग्राहक आधी घेत होते तितकाच माल घेतील, आधी बुडवत होते तितकंच बुडवतील, फक्त पैसे ३६ ऐवजी ७२ दिवसांनी देतील. ७२ दिवसांचे २.४ टक्के. ९९,००० भागिले १.०२४ म्हणजे ९६,६८०. त्यातून ७५,००० गेले की २१,६८० उरतात.

आज २२,८२६ होते. म्हणजे एकही नवा ग्राहक येण्याआधी रोज १,१४६ चं नुकसान पदरात पडलं. मुदत वाढवण्याची ही खरी किंमत, आणि ती संपूर्ण जुन्या विक्रीवर मोजावी लागते. विक्री कितीही वाढो, या १,१४६ च्या वर काय उरतं एवढाच प्रश्न असतो.

नवे ग्राहक

नवी विक्री रोज १५,०००. त्यातले ८ टक्के बुडाले की १३,८०० वसूल होतात, ७२ दिवसांनी. १.०२४ ने भागलं की १३,४७७. चल खर्च १५,००० च्या ७५ टक्के, म्हणजे ११,२५०. उरले २,२२७.

इथे जरा थांबून बघा. विक्रीतून मिळणारी रक्कम ८ टक्क्यांनी घटली, पण खर्च पूर्ण १०० टक्के राहिला. बुडणाऱ्या मालावरचा खर्चही झालेलाच असतो. १५,००० चं एक बिल पूर्ण बुडालं तर ११,२५० खिशातून जातात. तेवढंच बिल वेळेत वसूल झालं तर आजच्या किमतीत सुमारे ३,३९८ सुटतात. म्हणजे एक बुडालेलं बिल भरून काढायला तशीच तीनहून जास्त बिलं वसूल व्हावी लागतात. मार्जिन जितकं कमी तितकी ही संख्या मोठी होत जाते. कमी मार्जिनच्या धंद्यात उधारी सैल करताना छाती दडपते ती यामुळेच.

बेरीज

नव्या ग्राहकांचे २,२२७ मिळाले, जुन्यांवर १,१४६ गमावले, वसुलीचे ४०० गेले. उरले रोज ६८० (पैशांपर्यंत बरोबर धरलं तर ६८०.१६). ओळ ८ मध्ये वसुलीचा खर्च टाकून ओळ ९ मध्ये :

```
=C7+D7-B7-B8
```

उत्तर शून्याच्या वर आहे, म्हणजे या आकड्यांवर मुदत वाढवणं फायद्याचं आहे. हे ६८० रोज, कायमचे मिळत राहतील असं धरलं तर त्यांची आजची एकूण किंमत काढायला रोजच्या दराने भागायचं :

```
=B9*360/B6
```

उत्तर सुमारे २०.४ लाख. हा आकडा मोठा दिसतो, पण त्यात "कायमचे" हा शब्द दडला आहे. तीन वर्षांनी ही मुदत मागे घ्यावी लागली, तर हीच किंमत सहा लाखांच्या आसपास येते. मी तरी निर्णयाच्या कागदावर कायमचा आकडा एकटा लिहीत नाही. रोजचा आकडा आणि तीन वर्षांचा आकडा शेजारी ठेवतो. रोजच्या आकड्यात कोणतंही दूरचं स्वप्न मिसळलेलं नसतं.

माझ्या त्या पहिल्या, चुकीच्या पद्धतीने काय आलं असतं तेही बघा. नव्या विक्रीवरचं मार्जिन ३,७५०, त्यातून बुडीत १,२००, नव्या येण्यांवरचं ७२ दिवसांचं व्याज ३६० आणि वसुली ४०० वजा केले की १,७९०. खऱ्या उत्तराच्या अडीचपटीहून जास्त.

व्याज दोनदा वजा करू नका

उलट्या दिशेची चूकही तितकीच नेहमीची आहे. कुणीतरी म्हणतं, "येणी वाढली, त्यासाठी बँकेकडून जास्त पैसे उचलावे लागतील, त्याचं व्याज कुठे आहे?" येणी खरंच वाढतात. आज रोजचे १ लाख, ३६ दिवसांचे : ३६ लाख. नव्या मुदतीत रोजचे १.१५ लाख, ७२ दिवसांचे : ८२.८ लाख. वाढ ४६.८ लाखांची. त्यावर १२ टक्के व्याज वर्षाला ५.६ लाख, म्हणजे रोज १,५६०. हे ६८० मधून वजा केलं तर उत्तर उणे ८८० येतं आणि चांगला प्रस्ताव फेटाळला जातो.

चूक अशी की ते व्याज आपण आधीच मोजलं आहे. ३६ दिवसांसाठी १.०१२ ने आणि ७२ दिवसांसाठी १.०२४ ने भागलं तेव्हा उशिराची किंमतच तर कापली. दिवसांनी भागणं आणि व्याज वजा करणं ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, त्यातलं एकच वापरायचं. वेगळं वजा करायचं ते दरात न मावणारं : कर्जाची मर्यादा वाढवून घेण्याची फी, येण्यांच्या विम्याचा हप्ता, अशा रकमा. वाढीव कर्ज नेहमीपेक्षा महाग मिळणार असेल तर तो फरक ओळ ६ मधल्या दरातच दिसायला हवा.

उत्तर कुठे मोडतं ते शोधा

रोज ६८० हे १ लाखाच्या विक्रीवर फार जाड अस्तर नाही. म्हणून एकेक आकडा हलवून उत्तर शून्यावर कधी येतं ते पाहायचं. स्प्रेडशीट केलीच आहे, तेव्हा हे पाच मिनिटांचं काम आहे. मला विचाराल तर निर्णय याच टप्प्यावर होतो.

विक्रीपासून सुरू करा. बाकी सगळं तसंच ठेवून विक्रीतली वाढ १५ वरून खाली आणत गेलात, तर साधारण १०.४ टक्क्यांवर फायदा संपतो. आता प्रश्न थेट विक्री विभागाला विचारता येतो : १५ नाही झाले तर निदान ११ टक्के नक्की होतील का?

नव्या ग्राहकांचं बुडीत प्रमाण ८ वरून वर न्या. १२.६ टक्क्यांच्या आसपास उत्तर शून्य होतं. हा आकडा लिहून ठेवा, लेखाच्या शेवटी तो लागेल.

वसुलीचे दिवस ७२ ऐवजी ९० केले तर रोजचे जेमतेम ३८ उरतात. म्हणजे बिलावर ६० लिहिलं आणि पैसे तीन महिन्यांनी आले, तर एवढा खटाटोप जवळजवळ फुकट. वसुलीची शिस्त सैल झाली की फायदा किती झपाट्याने वितळतो, हे विक्रीच्या माणसांना दाखवायला यासारखा आकडा नाही.

दर १२ ऐवजी १८ टक्के केला तर उत्तर उणे १९. म्हणजे ज्या कंपनीला पैसा स्वस्त मिळतो तिच्यासाठी ही मुदत फायद्याची आणि जिला महाग मिळतो तिच्यासाठी तीच मुदत तोट्याची. स्पर्धक ६० दिवस देतो म्हणून आपणही द्यायचे, या युक्तिवादात हेच हरवतं. त्याचा दर आपला दर नसतो.

चल खर्चाकडेही पाहा. वाढीव १५ टक्के माल नेहमीच्याच खर्चात बनेल असं आपण धरलं. पण कारखाना आधीच पूर्ण क्षमतेने चालत असेल तर त्या मालासाठी ओव्हरटाइम द्यावा लागेल, काही काम बाहेरून करून घ्यावं लागेल. फक्त नव्या विक्रीवरचा चल खर्च ७५ ऐवजी ८० टक्के झाला तरी रोजचं उत्तर उणे ७० होतं. माझ्या मते हा धोका बुडीत येण्यांपेक्षाही दुर्लक्षित राहतो, कारण उधारीच्या चर्चेत उत्पादनाच्या माणसाला कुणी बोलावतच नाही.

एक शक्यता मात्र आकडे हलवून दिसत नाही, वेगळी विचारात घ्यावी लागते. तुम्ही मुदत वाढवली आणि महिन्याभरात स्पर्धकांनीही वाढवली, तर नवे ग्राहक परत जातात किंवा येतच नाहीत. पण जुन्यांना दिलेले ७२ दिवस तसेच राहतात. मग रोजचे १,१४६ निव्वळ जातात, आणि कायमच्या हिशेबाने त्यांची आजची किंमत ३४ लाखांहून जास्त होते. दिलेली मुदत परत काढून घेणं किती अवघड असतं, हे ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्याला विचारा.

मग साहजिक विचार येतो : फक्त नव्यांनाच ६० दिवस दिले तर? कागदावर रोज १,८२७ सुटतात, कारण जुन्यांवरचं नुकसान टळतं. काही ठिकाणी हे जमतं, विशेषतः नवे ग्राहक वेगळ्या मालाचे किंवा वेगळ्या बाजारातले असतील तर. एकाच बाजारातले असतील तर जुन्या ग्राहकाला हे कळतंच, आणि जो आजवर वेळेवर पैसे देत आला त्यालाच कमी मुदत का, याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. दोन गटांमध्ये मालाचा, प्रमाणाचा किंवा बाजाराचा सांगता येण्याजोगा फरक असेल तेव्हाच हा मार्ग धरा.

रोख रकमेचा खड्डा

निव्वळ वर्तमान मूल्य चांगलं असूनही कंपनी अडचणीत येऊ शकते, आणि ते कोणत्या दिवशी होईल हे आधी सांगता येतं. नवी मुदत पहिल्या दिवसापासून लागू झाली असं धरा आणि आजच्या पद्धतीच्या तुलनेत रोख किती कमी पडते ते मोजा.

पहिले ३६ दिवस फारसं काही जाणवत नाही. जुन्या बिलांचे पैसे येत राहतात. फक्त वाढीव मालाचा खर्च ११,२५० आणि वसुलीचे ४०० मिळून रोज ११,६५० जास्त जातात. ३६ दिवसांत ४.२ लाख. सगळे खूश असतात, कारण विक्रीचा आलेख वर गेलेला असतो.

सदतिसाव्या दिवशी चित्र बदलतं. जुन्या मुदतीची बिलं संपली आणि नव्या मुदतीचं पहिलं बिल यायला अजून ३६ दिवस आहेत. रोज येणारे ९९,००० थांबतात, वाढीव खर्च चालूच असतो. रोजची तूट १,१०,६५० ची. बहात्तराव्या दिवशी एकूण खड्डा ४४ लाखांचा झालेला असतो. प्रत्यक्षात सगळे ग्राहक सरासरीच्याच दिवशी पैसे देत नाहीत, त्यामुळे कडा इतकी तीव्र नसते. पण खोली तेवढीच असते.

त्र्याहत्तराव्या दिवसापासून आजच्यापेक्षा रोज २,१५० जास्त यायला लागतात. या गतीने ४४ लाख भरून यायला दोन हजारांहून जास्त दिवस लागतात, साडेपाच वर्षांहून अधिक. याचा अर्थ आधीचं उत्तर चुकलं असा नाही. खड्ड्यातला मोठा भाग, ३५.६ लाख, जुन्या ग्राहकांकडे अडकलेला आपलाच पैसा आहे, आणि मुदत पुन्हा कमी झाली तर तो परत येतो. पण तोपर्यंत तो कुठून तरी आणावा लागतो. बँकेत वापरायला ३० लाखांचीच मर्यादा शिल्लक असेल, तर साठाव्या दिवसाच्या आसपास ती संपते. पगार आणि पुरवठादार त्या दिवशी निव्वळ वर्तमान मूल्य विचारत नाहीत.

म्हणून मुदत जाहीर करण्याआधी कर्जाची मर्यादा मंजूर करून घ्या, नंतर नव्हे. मर्यादा पुरेशी मिळत नसेल तर जुन्या ग्राहकांना एकदम सगळ्यांना न देता गटागटाने द्या. एकूण खड्डा त्याने कमी होत नाही, पण तो पसरतो, आणि नव्या ग्राहकांचा अनुभव हाती येईपर्यंत थांबण्याची संधी मिळते.

लागू केल्यानंतर काय पाहायचं

सर्वसाधारण अहवालात बुडीत येण्यांचं प्रमाण एकूण विक्रीच्या टक्क्यांत दिलेलं असतं. मुदत वाढवल्यानंतर काही महिने हा आकडा चक्क सुधारलेला दिसतो. कारण विक्री लगेच वाढते, तर बुडणारं बिल बुडालं हे कळायला मुदत संपून वर पाठपुराव्याचे काही महिने जावे लागतात. आजच्या मोठ्या विक्रीने कालच्या छोट्या विक्रीतलं बुडीत भागलं की टक्केवारी खाली येणारच. त्यावर विसंबून मुदत आणखी वाढवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

त्याऐवजी नव्या ग्राहकांची बिलं महिन्यानुसार वेगळी ठेवा. उदाहरणातल्या कंपनीत नव्या ग्राहकांची एका महिन्याची बिलं ४.५ लाखांची होतात. त्या एका महिन्याच्या गठ्ठ्याचा पाठपुरावा करा : ६० दिवसांनी त्यातले किती आले, ९० दिवसांनी किती, १२० दिवसांनी किती. पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्याची तुलना आधीच्या गठ्ठ्याशी त्याच वयावर करा. विक्री वाढो वा घटो, हा आकडा त्याने फसत नाही.

आपण ८ टक्के बुडीत धरलं होतं, म्हणजे ४.५ लाखांच्या गठ्ठ्यात ३६,०००. फायदा संपतो १२.६ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ५७,००० वर. पहिल्या महिन्याच्या गठ्ठ्यातले चार महिन्यांनंतरही ५७,००० पेक्षा जास्त यायचे राहिले असतील, तर प्रत्येक बाकीदाराचं नाव घेऊन बसा आणि यातले कोण नक्की देणार आहेत ते तपासा. दुसऱ्या गठ्ठ्यातही तेच दिसलं तर नव्या ग्राहकांना मुदत देणं त्याच आठवड्यात थांबवा. जुन्या ग्राहकांशी बोलायचं ते त्यानंतर.